संकेतस्थळ-रचनेचा प्रस्ताव मागविणे

आपल्या व्यवसायाचे संकेतस्थळ तयार करून घेण्यापूर्वी ते काम करणाऱ्या संस्थेस त्यामागील हेतू, पानांची गरज, खर्चाची मर्यादा आणि मुदत लेखी कळवून तिच्याकडून कामाचा तपशील व दर मागविणे. हे पत्र मोघम असले, तर प्रत्येक संस्था आपापल्या समजुतीप्रमाणे दर कळविते आणि आलेल्या दरांची तुलनाच होऊ शकत नाही.

परभणी जिल्ह्यातील पालम येथे तुरीची डाळ करणारी एखादी गिरणी असे पत्र लिहीत आहे, असे समजू. ‘धंद्याची प्रसिद्धी व्हावी’ एवढ्याने भागत नाही. नांदेड व हैदराबाद येथील घाऊक व्यापाऱ्यांनी डाळीची प्रतवारी पाहून भावाची चौकशी दूरध्वनीवर करावी, असा हेतू नमूद केला म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची तजवीज अनावश्यक ठरते आणि खर्चाची एक मोठी बाब मुळातच वगळली जाते.

पानांच्या बाबतीत मुखपृष्ठ, गिरणीची माहिती, डाळींचे प्रकार, चौकशी आणि संपर्क अशी पाचच पाने हवी असली, तरी ती मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हवी असल्यास काम दहा पानांचे होते, हे पत्रात स्पष्ट लिहावे. मजकूर कोण लिहिणार, हेही लिहावे. कारण श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात तयार केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसेल, तर संकेतस्थळावर देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात, आणि रूपांतरानंतरही जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावे लागतात. त्या मजकुराचा एक परिच्छेद मोबाइलच्या संदेशात उतरवून पाहिला, की तो देवनागरीत वाचता येतो किंवा नाही, यावरून निवाडा होतो.

आकडा सांगितला तर संस्था तेवढाच दर लावील, या भीतीने रक्कम दडविण्याचा प्रघात मला हितकर वाटत नाही. ४० ते ६० हजार रुपये अशी मर्यादा सांगून, रचनेचा एकवेळचा खर्च आणि नाव-नोंदणी, होस्टिंग व दुरुस्ती यांचा वार्षिक खर्च निराळा मागावा, तसेच १८ टक्के वस्तू व सेवा कर दरात धरला आहे किंवा कसे, हे विचारावे. स्वस्त भासणारा दर पुष्कळदा वार्षिक खर्च व कर याच दोन बाबी वगळून आलेला असतो.

नवी तूर जानेवारीच्या सुमारास बाजारात येते, म्हणून संकेतस्थळ १५ डिसेंबरपूर्वी हवे असल्यास पत्र सप्टेंबरच्या मध्यास धाडावे: उत्तरांस १५ दिवस, निवड व करारनाम्यास १५ दिवस आणि कामास ८ आठवडे. छायाचित्रे व मजकूर गिरणीने कोणत्या तारखेस द्यावयाचा, ती तारीखही मुदतीत धरावी, कारण विलंब बहुधा तेथेच होतो.

संकेतस्थळाचे नाव गिरणीच्याच नावे व ईमेल पत्त्यावर नोंदविले जाईल आणि त्या खात्याचा ताबा तिच्याकडे राहील, ही अट मागणीपत्रातच असावी. नोंदणी संस्थेच्या नावे झाल्यास पुढे दुसऱ्या संस्थेकडे काम सोपविताना पहिलीची संमती मिळेतोवर खोळंबून राहावे लागते.