बारा, साडेबारा आणि सोळा

प्राचीन चीनमध्ये ‘नऊ अध्यायांचे गणित’ नावाचा एक ग्रंथ होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तो आजच्या रूपात आला. त्याच्या पाचव्या अध्यायात बांधकामाची आणि खोदकामाची गणितं आहेत. त्यातल्या एका गणितात मातीची एक गोल, भरीव गढी आहे. तिचा घेर ४८ छी आणि उंची ११ छी आहे, आणि तिच्यात माती किती लागली हे काढायचं आहे. (एक छी म्हणजे त्या काळी साधारण पाऊण फूट.) रीत अशी दिली आहे: घेराचा वर्ग करा, त्याला उंचीने गुणा आणि बाराने भागा. ४८ चा वर्ग २३०४, त्याची ११ पट २५,३४४ आणि त्याचा बारावा भाग २११२. उत्तर २११२ घनछी.

या गणितात त्रिज्या नाही आणि व्यासही नाही. आज शाळेत वृत्तचितीचं घनफळ म्हटलं की मूल आधी त्रिज्या शोधतं. परीघ दिला असेल तर तो 2π ने भागून त्रिज्या काढतं आणि मग πr²h या सूत्रात घालतं. पण भरीव वस्तूची त्रिज्या मोजायची कुठून? गढीच्या पोटात शिरून मध्यबिंदू सापडत नाही, झाडाच्या बुंध्याचाही सापडत नाही. बाहेरून दोरी गुंडाळली की घेर मात्र लगेच कळतो. म्हणून हजारो वर्षं माणसं घेरावरून थेट घनफळाकडे जात होती. त्या वाटेवर घेराचा वर्ग गुणिले उंची एवढं सगळीकडे सारखंच होतं. भागायचं कितीने, हा आकडा तेवढा बदलत गेला. इथे मागोवा आहे तो त्याच आकड्याचा.

बारा हा त्यातला सर्वांत जुना. तो कुठून येतो ते पाहणं सोपं आहे. घेर व्यासाच्या तिप्पट धरला, तर त्रिज्या घेराच्या सहाव्या भागाइतकी होते. तिचा वर्ग म्हणजे घेराच्या वर्गाचा छत्तिसावा भाग. त्याची तिप्पट केली की पायाचं क्षेत्रफळ मिळतं, आणि ते घेराच्या वर्गाचा बारावा भाग असतं. इराकमध्ये सापडलेली आणि आता येल विद्यापीठाच्या संग्रहात असलेली मातीची एक छोटी पाटी आहे. ती सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची असावी. तिच्यावर एक वर्तुळ कोरलं आहे. वर्तुळाच्या बाहेर ३ आणि ९ हे आकडे आहेत, आत ४५ आहे. घेर ३, त्याचा वर्ग ९ आणि त्याचा बारावा भाग पाऊण. बाबिलोनी लोक साठाच्या पटीत लिहीत, म्हणून पाऊणचे ४५ झाले. हाच बारा पुढे चिनी ग्रंथात दिसतो. एकाने दुसऱ्याकडून घेतला असं म्हणायला मात्र ही जुळणी पुरेशी नाही, कारण तीन ही संख्या कुणालाही सुचण्यासारखी आहे.

इजिप्तची वाट वेगळी होती. अहमोसने इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास उतरवलेल्या पपायरसात गोल धान्यकोठाराचं गणित आहे. तिथे व्यास ९ हात आणि उंची १० हात दिली आहे. व्यासातून नववा भाग वजा करायचा, उरलेल्या ८ चा वर्ग करायचा, त्याला उंचीने गुणायचं. उत्तर ६४० घनहात. घेराचं नावही नाही. कोठार पोकळ असल्यामुळे आत उभं राहून व्यास मोजता येतो, आणि धान्य मावतं तेही आतल्या मापातच. वस्तू भरीव की पोकळ, यावरून माप बदलतं आणि मापावरून रीत, असं मला वाटतं.

बारामुळे चूक होते हे बाबिलोनींनाही कळलं होतं. सुसा इथे सापडलेल्या एका पाटीवर दुरुस्तीचा गुणक दिला आहे. तो दशांशात ०.९६ होतो. बाराला ०.९६ ने भागलं की बरोबर साडेबारा येतात, म्हणजे π ३.१२५ धरल्यासारखं होतं. ही सुधारणा असूनही रोजच्या हिशेबात बाराच चालू राहिला.

चीनमध्ये बाराला उघड आव्हान दिलं ल्यू ह्वेईने. त्याने इसवी सन २६३ मध्ये या ग्रंथावर भाष्य लिहिलं. त्यात तो दाखवतो की व्यासाची तिप्पट हा वर्तुळाचा घेरच नव्हे, तो आत काढलेल्या षटकोनाचा घेर आहे. मग बाजू दुप्पट-दुप्पट करत तो १९२ बाजूंच्या बहुभुजाकृतीपर्यंत गेला आणि ३.१४ वर थांबला. गढीच्या गणिताखाली त्याने नवी रीत दिली: घेराचा वर्ग गुणिले उंची, त्याची पंचवीसपट, भागिले ३१४. म्हणजे बाराऐवजी १२.५६ ने भागायचं. गढीची माती २११२ ऐवजी सुमारे २०१७.८ घनछी भरते. जवळजवळ ९४ घनछी माती कागदावरच होती. हे प्रमाण शेकडा साडेचारांहून थोडं जास्त आहे, आणि गढी लहान असो वा मोठी, बाराने भागलं की उत्तर तेवढंच फुगतं.

त्याच अध्यायाच्या शेवटी हेच गणित उलटं घातलं आहे. गोल कोठीत २००० हू तांदूळ मावतो, उंची १३ छी आणि वर एक तृतीयांश छी आहे, तर घेर किती? एक हू तांदळाला १.६२ घनछी जागा लागते, म्हणून एकूण घनफळ ३२४० घनछी. त्याला बाराने गुणून उंचीने भागलं की २९१६ येतात, त्याचं वर्गमूळ ५४. कोठी बांधणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: एवढं धान्य ठेवायचं तर तट्ट्या किती लांबीचा विणायचा?

तट्ट्यावरून पृष्ठफळाकडे येतो. आपल्याकडची कणगी म्हणजे बांबूचा लांब तट्ट्या गोल वळवून उभा केलेला. तो उलगडला की आयत होतो. त्याची लांबी म्हणजे घेर आणि रुंदी म्हणजे उंची. म्हणून घेर आणि उंची हाती असली की वक्रपृष्ठफळासाठी फक्त गुणाकार पुरतो, π लागतच नाही. चिनी गढीची बाहेरची भिंत ४८ गुणिले ११, म्हणजे ५२८ चौरस छी, आणि हे उत्तर बाबिलोनीने काढलं असतं तरी तेच आलं असतं. π परत येतो तो वरचं आणि खालचं वर्तुळ धरताना. दोन्ही मिळून घेराचा वर्ग भागिले 2π, इथे सुमारे ३६७ चौरस छी. एकूण पृष्ठफळ झालं ८९५ च्या आसपास. आर्किमिडीज हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगतो. ‘गोल आणि वृत्तचिती’ या ग्रंथात तो सिद्ध करतो की वृत्तचितीचं वक्रपृष्ठ एका वर्तुळाइतकं असतं, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या उंची व व्यास यांचा भूमितीमध्य असते. सिद्धतेसाठी हे विधान नितळ आहे, पण भिंत लिंपणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

भारतात आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये वर्तुळाचं क्षेत्रफळ अर्धा घेर गुणिले अर्धा व्यास असं सांगितलं आणि घेर व व्यास यांचं गुणोत्तर ३.१४१६ दिलं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तही सूक्ष्म गुणोत्तर ३९२७ भागिले १२५० आहे आणि स्थूल २२ भागिले ७. सूक्ष्म घेतलं तर आपला भाजक १२.५६६४ होतो. तरीही त्याच ग्रंथात धान्याच्या राशीचं माप काढताना भास्कराचार्य घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणायला सांगतात. म्हणजे भाजक ३६. शंकू हा वृत्तचितीचा तिसरा भाग असतो, तेव्हा हा भाजक म्हणजे जुन्या बाराचीच तिप्पट. उंचीही मोजायची नाही. जाड्या धान्याची रास घेराच्या दहाव्या भागाइतकी उंच धरायची, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसाळ धान्याची नवव्या. घेर ६० हात असेल तर जाड्या धान्याची उंची ६ हात आणि रास ६०० घनहात.

सूक्ष्म गुणोत्तर माहीत असलेल्या माणसाने इथे स्थूल का वापरलं? माझ्या मते उत्तर उंचीत आहे. घेराचा दहावा भाग म्हणजे राशीचा उतार सुमारे ३२ अंशांचा. धान्य ओलं की सुकं, वरून ओतलं की फावड्याने लोटलं, यावर तो अंश-दोन अंश सहज हलतो आणि उत्तर शेकडा चार-पाचांहून जास्त बदलतं. तिथे दशांशाची तीन घरं सांभाळून काय साधणार?   धान्याच्या व्यवहारात ही राशीची रीत उपयोगी पडणारी होती.

सोळा हा आकडा लाकडाच्या व्यापाराचा. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराने १७३६ मध्ये कोष्टकांचं एक पुस्तक काढलं आणि त्याचं नाव ओंडक्याच्या मापाला चिकटलं. घेराचा पाव भाग घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. पावाचा वर्ग सोळावा भाग, म्हणून भाजक सोळा. इंग्रजी अमलात वनखात्यांनी ही रीत इथे आणली आणि सागवानाच्या व्यवहारात ‘पाव घेर’ रुळला.

एक ओंडका घेऊ. घेर ५ फूट, लांबी १२ फूट. पाव घेर सव्वा फूट, त्याचा वर्ग १.५६२५ आणि बारापट केल्यावर १८.७५ घनफूट. खरं घनफळ ३०० भागिले १२.५६६, म्हणजे २३.८७ घनफूट. पाच घनफुटांहून थोडं जास्त लाकूड मापातून गळालं. ही चूक म्हणता येत नाही, कारण चौकट काढताना चारी बाजूंच्या फाकळ्या वाया जाणार, त्याची वजावट आधीच करून ठेवली आहे. पण सव्वा फूट बाजूचा चौकोन या ओंडक्यातून पूर्ण निघतही नाही. त्याचा कर्ण १.७७ फूट आणि ओंडक्याचा व्यास १.५९ फूट, म्हणजे कोपरे गोलच राहणार. धारदार कोपऱ्यांचा चौकोन हवा असेल तर बाजू १.१२ फुटांवर थांबते. त्यामुळे दोन गिऱ्हाइकांत भांडण झालं, तर आधी पाहायचं ते हे की कोणी सोळाने भागलंय आणि कोणी १२.५६ ने. दोन उत्तरांचं गुणोत्तर ०.७८५ आलं तर मोजणी दोघांचीही बरोबर आहे, फरक फक्त रीतीचा आहे.

खरी चूक शिरते ती फितीत. घेराचा वर्ग होत असल्यामुळे घेरात शेकडा एक चुकलं की घनफळात दोन चुकतं. वक्रपृष्ठफळात मात्र ती चूक एकदाच लागते. फीत तिरकी बसली तर घेर वाढतोच, कधी कमी होत नाही. ओंडका लंबगोल असेल तरी सूत्र जास्तच सांगतं, कारण तेवढ्याच घेरात सर्वांत जास्त क्षेत्रफळ वर्तुळाचं असतं. हे ओळखायला कापलेल्या तोंडावर दोन आडव्या-उभ्या दिशांनी व्यास मोजून पाहायचे. सालीचा प्रश्न याहून मोठा. साल १ सेंटिमीटर जाड असेल तर घेरात सव्वासहा सेंटिमीटरहून थोडी जास्त भर पडते, मग झाड कितीही जाड असो. १५० सेंटिमीटर घेराच्या बुंध्यात आतलं लाकूड १४३.७ सेंटिमीटर घेराचंच उरतं आणि घनफळ शेकडा आठने घटतं. बारा आणि १२.५६६४ यांच्यातला सगळा फरक शेकडा साडेचारांचा. म्हणून असा ओंडका सालीसकट मोजून त्याला १२.५६६४ ने भागणाऱ्यापेक्षा साल सोलून बाराने भागणारा खऱ्याच्या जास्त जवळ असतो.