खेळांचे गोत्र

भाऊबिजेला आमचे सारे गोत कर्जतच्या घरी जमते. पुण्याची मंडळी घाट उतरून येतात, खालापूर तालुक्यातली आत्या खोपोलीहून लोकलने येते, आणि जेवणे उरकली की ओसरीवर सर्वांचा एकत्र फोटो निघतो. त्या फोटोत थोरल्या काकांचे बाकदार नाक माझ्या पुतण्याने उचलले आहे, पुतण्याचे कान आत्याचे आहेत आणि आत्याचे कपाळ माझ्या मुलीच्या वाट्याला आले आहे. काका आणि माझी मुलगी यांत मात्र एकही खूण समान नाही. तरीही परका मनुष्य फोटो पाहून म्हणतो, "एकाच घरची दिसतात!"

परवा अंगणात एकीकडे मुलींची फुगडी रंगली होती नि दुसरीकडे मुलांचा हुतूतू. तेवढ्यात पुतण्या माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "काका, फुगडी हा खेळ कसा? त्यात जिंकतं कोण?"

मी म्हटले, "बरं, हारजीत असेल तोच खेळ. मग तुझ्या धाकट्या बहिणीची भातुकली?" तो गडबडला. "नियम असतात तो खेळ." भातुकलीला कसले आले नियम? बाहुलीचे लग्न रोज निराळे लागते. "दोघे तरी लागतात." मग भोवरा एकट्याने फिरवतात तो? "अंगमेहनत?" बुद्धिबळ! "मौज?" ज्यांचे पोटच कबड्डीवर चालते त्यांना विचार म्हटले. स्वारी अखेर रुसली.

यात पुतण्याचा काही दोष नव्हता. व्हिएन्नात 1889 साली जन्मलेला आणि पुढे केंब्रिजला शिकवणारा लुडविग विट्गेनस्टाइन हाच प्रश्न घेऊन बसला होता. तो 1951 साली वारला आणि 1953 मध्ये त्याचे 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' प्रसिद्ध झाले. 'सर्व खेळांत काहीतरी समान असलेच पाहिजे' असे आधी ठरवू नका, खेळांकडे नीट पाहा, एवढेच त्याचे सांगणे. पाहू लागल्यावर त्याला एकमेकांत गुंतलेली साम्ये दिसली, आमच्या फोटोतल्या नाक-कान-कपाळासारखी. त्यांना त्याने नावही कुटुंबावरूनच दिले. आपण कुलसाम्य म्हणू. सूत कातताना एकच तंतू टोकापासून टोकापर्यंत जात नाही. अनेक आखूड तंतू एकमेकांवर चढतात, आणि धागा त्यानेच बळकट होतो, असा दाखलाही त्याने दिला आहे.

त्याचा शब्द होता जर्मन 'श्पील', आणि त्याचा संसार आपल्या 'खेळा'हून निराळा आहे. जर्मन माणूस फिडलही 'खेळतो'. आपण ती वाजवतो. आपला 'खेळ' मात्र नाटकाचा असतो, सिनेमाचा असतो, कोकणातल्या शिमग्यातले तर सोंगे आणणारे गडीच 'खेळे'. इंग्रजी 'गेम' या घरात पाऊलही टाकत नाही. शब्दाचे कुटुंब कोठवर पसरायचे, हे त्या त्या भाषेच्या इतिहासाने ठरते.

आता हुतूतूचेच पाहा. आपल्याकडे हुतूतू, तमिळ मुलखात चेडुगुडु, बंगालात हाडुडू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला त्याचे प्रात्यक्षिक केले, 1950 साली अखिल भारतीय संघटना झाली, 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला. पण जुने प्रकार तपासा. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा उठतो, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राहतो, आणि अमरमध्ये बाद होऊनही मैदान सोडत नाही. पंजाबात तर मैदानच गोल, आणि चढाई करणाऱ्याला एका वेळी एकानेच धरायचे. आपली चौघांची साखळी तेथे चालायची नाही! स्पर्धा भरवायची तर पंचांना रेघ आखावीच लागते. ती रेघ कामापुरती खरी असते. तिच्या आधीही पोरे हुतूतू खेळतच होती.

येथे एक शंका रास्त आहे. साम्य कशातही काढता येते. मग तुरुंगालाही, कुंपण नि नियम आहेत म्हणून, खेळ म्हणावे काय? नुसत्या साम्याने काम भागत नाही, हे मला मान्य आहे. आमच्या फोटोतही शेजारच्या मुलाचे नाक काकांसारखे आहे, पण म्हणून तो घरचा होत नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने तर 1978 साली व्याख्याच पुढे ठेवली: नको असलेले अडथळे आपखुशीने पार करणे म्हणजे खेळ. हुतूतूला ती चपखल बसते. पलीकडच्या गड्याला शिवून यायला दम कोंडायची काय गरज? लंगडीतही एक पाय उगाच उचलायचा. पण बाहुलीच्या लग्नात कोणता अडथळा? सूट्सची व्याख्या मला विट्गेनस्टाइनचा पराभव वाटत नाही. तिने मोठ्या घरातल्या एका फांदीचे वर्णन मात्र उत्तम केले आहे.

हे सारे मी पुतण्याला सांगू लागलो तोवर आत्या पदर खोचून अंगणात उतरली होती. वय सत्तरीपुढचे, पण मुलीच्या हातांना हात घालून तिने फुगडी धरली. पुतण्या ओरडला, "आत्याआजी जिंकली!"

"जिंकायला काय लावलंय रे मेल्या," धापा टाकत ती म्हणाली, "ये, धर हात."