गिळताना घसा दुखतो, तोंडात पांढरा थर? मधुमेहींनी बुरशीची शक्यता तपासावी

ताप उतरला, खोकला थांबला, प्रतिजैविकांचा कोर्सही संपत आला. मात्र आता तोंडात पांढरे ठिपके उमटले आहेत आणि घास गिळताना कळ येते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांमध्ये मधुमेहींचे प्रमाण लक्षणीय असते. जुनाच घसा पुन्हा धरला, असा समज करून घेऊन आणखी एक प्रतिजैविक घेतले जाते आणि दुखणे वाढते. या तक्रारीमागे अनेकदा जिवाणू नव्हे, तर कॅन्डिडा नावाची बुरशी असते. जिवाणूंवरची औषधे तिला मारत नाहीत. उलट तिच्यासाठी जागा मोकळी करून देतात.

सन २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ महाराष्ट्रातील घराघरांत माहीत झाली. त्याच सुमारास ‘पांढरी बुरशी’ हा शब्दही कानावर पडू लागला आणि दोन्हींची सरमिसळ झाली. वस्तुतः हे दोन निराळे आजार आहेत. काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. ती नाकाच्या पोकळीतून डोळा व मेंदूकडे झपाट्याने पसरते. कॅन्डिडा ही तोंडात वस्तीला असणारी, सावकाश वाढणारी आणि वेळीच ओळखल्यास औषधाने पूर्ण बरी होणारी बुरशी आहे.

बुरशी वाढते कशी?

सुमारे तीस ते पन्नास टक्के निरोगी माणसांच्या तोंडात कॅन्डिडा एरवीही आढळते. तोंडातील असंख्य जिवाणू जागा व अन्न व्यापून तिला डोके वर काढू देत नाहीत, लाळ तिला सतत धुऊन काढते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी उरलेल्यांचा समाचार घेतात. प्रतिजैविकांमुळे यातील पहिला पहारा उठतो. मधुमेह ताब्यात नसेल तर उरलेले दोन्हीही ढिले पडतात. रक्तातील साखर वाढली की लाळेतील साखर वाढते, वारंवार लघवी होऊन तोंड कोरडे पडते आणि पांढऱ्या पेशींची बुरशी गिळंकृत करण्याची क्षमता घटते. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात जुळून आल्या की एरवी गोल, निरुपद्रवी असलेली बुरशीची पेशी लांब तंतू फेकू लागते आणि ते तंतू तोंडाच्या अस्तरात शिरतात. पांढरा थर म्हणजे या तंतूंचे आणि सुटलेल्या पेशींचे मिश्रण होय.

दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणारे, रात्री कवळी न काढता झोपणारे आणि कोणत्याही कारणाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे यांनाही हा धोका असतो. पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंकणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पांढरे सारेच बुरशी नव्हे

बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा दिसतो. तो गालाच्या आतल्या बाजूस, टाळूवर, जिभेवर आणि पडजिभेच्या आसपास पसरलेला असतो. स्वच्छ गॉजच्या तुकड्याने हलकेच पुसल्यास तो निघतो आणि खाली लालभडक, क्वचित रक्ताळलेली जागा दिसते. चव जाणे, तोंडात आग होणे आणि ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडणे ही सोबतची लक्षणे आहेत. ताप बहुधा नसतो.

टॉन्सिलच्या जिवाणूसंसर्गात पांढरे-पिवळे ठिपके केवळ टॉन्सिलवर असतात, ताप चढतो आणि जबड्याखालच्या गाठी दुखतात. तंबाखू वा गुटखा खाणाऱ्यांच्या गालातील पांढरा चट्टा पुसला तरी निघत नाही; तो कर्करोगपूर्व अवस्थेचा असू शकतो आणि त्याला बुरशीचे औषध लावत बसणे म्हणजे मौल्यवान वेळ दवडणे होय. घशात घट्ट चिकटलेला करडा पडदा आणि सुजलेली मान ही घटसर्पाची खूण आहे, तेथे तातडीने रुग्णालय गाठावे लागते. मधुमेही रुग्णाच्या टाळूवर काळा डाग, एका बाजूचा चेहरा दुखणे किंवा डोळ्याभोवती सूज दिसल्यास काळ्या बुरशीचा संशय घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

कळ नेमकी कोठे येते?

बुरशी तोंडापुरती आहे की खाली अन्ननलिकेत उतरली आहे, यावर सारे उपचार अवलंबून असतात. केवळ तोंडातील संसर्गात मसालेदार पदार्थ झोंबतात, पण घास खाली जाताना त्रास होत नाही. घास किंवा कोमट चहाचा घोटसुद्धा उतरताना छातीच्या मधोमध, हाडामागे कळ उठत असेल तर अन्ननलिकेचा संसर्ग समजून चालावे लागते. तोंडात थर फारसा दिसत नसला तरी ही शक्यता बाद होत नाही.

प्रतिजैविकांनंतर गिळताना दुखण्याचे आणखी एक कारण आहे. डॉक्सिसायक्लिनची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेला चिकटून तेथे जखम करते. येथे पांढरा थर नसतो आणि कळ बहुधा गोळी घेतल्यावर काही तासांत, अचानक सुरू होते. कोणते औषध, कधी आणि कसे घेतले हे डॉक्टरांना सांगण्याचे महत्त्व यासाठीच.

एक नमुना उदाहरण

बीडच्या दक्षिणेस धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंबा हे चौफुलीचे गाव आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय एका दिशेला, तर केज मार्गे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या दिशेला. अशा गावातील ५४ वर्षांच्या एका शेतकऱ्याचे, समजण्यासाठी रचलेले उदाहरण घेऊ. आठ वर्षांचा मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या. छातीत कफ झाला म्हणून सात दिवसांचे प्रतिजैविक सुरू झाले. सहाव्या दिवशी तोंडाची चव गेली, आठव्या दिवशी भाकरीचा घास छातीत अडल्यासारखा होऊन कळ येऊ लागली. औषधांच्या दुकानातून दुसरे प्रतिजैविक घेतले, चार दिवसांत पाणी पिणेही नकोसे झाले.

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले तेव्हा टाळूवर व गालात थर होता. तो खरवडून काचपट्टीवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंकुरणाऱ्या पेशी व तंतू दिसले. ही तपासणी स्वस्त असून काही मिनिटांत होते. येथे तंतू दिसणे महत्त्वाचे. निरोगी तोंडातही कॅन्डिडा असल्याने ‘कल्चरमध्ये बुरशी उगवली’ एवढ्यावरून आजार ठरत नाही. त्याच वेळी साखर तपासली. उपाशीपोटी ती २४० निघाली, तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी १०.४ टक्के. बुरशीला खतपाणी कोठून मिळत होते, ते या आकड्यांनी सांगितले.

आजार तोंडापुरता असता तर क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावण्याचे औषध किंवा निस्टॅटिनचे द्रावण दिवसातून चार वेळा, तोंडात घोळवून, सात ते चौदा दिवस पुरले असते. मात्र लावण्याचे औषध अन्ननलिकेत टिकत नाही. म्हणून फ्लुकोनॅझोल पोटातून देण्यात आले, रोज २०० मिलिग्रॅम, चौदा ते एकवीस दिवसांसाठी. दुकानातून सहज मिळणारी १५० मिलिग्रॅमची एकच गोळी घेऊन हा आजार जात नाही. ती मात्रा स्त्रियांच्या योनिमार्गातील साध्या संसर्गासाठी असते.

फ्लुकोनॅझोल यकृतातील ज्या विकराला रोखते, त्याच विकरामुळे ग्लिमेपिराइड शरीरात विघटित होते. दोन्ही गोळ्या एकत्र चालू राहिल्या आणि गिळता येत नसल्याने जेवणही कमी झाले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, बरळणे ही त्याची लक्षणे. त्यामुळे डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड तात्पुरती थांबवून साखरेसाठी इन्सुलिनची लहान मात्रा सुरू केली आणि रोज साखर मोजायला सांगितले. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनीही असेच आधी सांगावे, तेथे रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भवती स्त्रियांनी फ्लुकोनॅझोल स्वतःहून घेऊ नये.

चौथ्या दिवशी घास उतरू लागला. बरे वाटू लागले की गोळ्या सोडण्याचा मोह येथेच होतो. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात निघणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत तर अर्धवट उपचार ही नित्याची अडचण आहे. निघण्यापूर्वी पूर्ण कोर्सच्या गोळ्या आणि केसपेपर बरोबर घेणे श्रेयस्कर.

दुर्बीण कधी, आणखी काय तपासायचे?

अन्ननलिकेच्या संसर्गाचा दाट संशय असल्यास आधी औषध सुरू करून पाहण्याची पद्धत आहे. तीन ते सात दिवसांत गिळणे सुधारले तर निदानावर शिक्कामोर्तब होते. सुधारणा नसेल तर दुर्बिणीने अन्ननलिका पाहून तुकडा तपासावा लागतो, कारण नागीण वर्गातील विषाणू, आम्लपित्ताच्या जखमा किंवा कर्करोगही अशीच कळ देतात. वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा आधी घन आणि मग पातळ पदार्थही अडकणे अशी लक्षणे असल्यास आरंभीच दुर्बीण करावी.

मधुमेह नाही, प्रतिजैविके वा स्टेरॉइड घेतलेले नाही आणि तरीही प्रौढ व्यक्तीला हा संसर्ग झाला, तर साखरेबरोबर एचआयव्हीची तपासणी करणे आवश्यक ठरते. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती विनामूल्य व गोपनीय असते. या संसर्गाच्या निमित्ताने मधुमेहाचे पहिल्यांदाच निदान होणारे रुग्णही असतात. उपाशीपोटी साखर १२६ वा त्याहून अधिक, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेह समजला जातो. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते.

उपचार चालू असताना पातळ वरण, गार केलेली पेज, ताक असे न झोंबणारे पदार्थ घ्यावेत. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी आणि दात घासण्याचा ब्रश बदलावा. पाणीही उतरत नसेल, उलट्या होत असतील किंवा मधुमेही रुग्ण गुंगीत असेल तर घरी न थांबता रुग्णालयात दाखल करावे. साखर आटोक्यात आली नाही तर औषधाने गेलेली बुरशी पुन्हा परतते. म्हणून बुरशीच्या गोळ्या संपल्यावरही साखरेची तपासणी चालू ठेवावी लागते.