स्थितिस्थापक पायावरील तुळई
सलग, लवचीक आधारावर टेकलेली तुळई. उदाहरणार्थ, खडी व मातीवरचा रेल्वेचा रूळ. एमिल विंकलर यांनी 1867 मध्ये पाया म्हणजे सुट्या स्प्रिंगांची रांग मानली: जागा जितकी दबेल, त्या प्रमाणात तिथली प्रतिक्रिया.

मीटरला 60 किलो वजनाच्या रुळावर 10 टनांचे चाक आले आणि पायाची ताठरता मध्यम असली, तर चाकाखाली रूळ सुमारे अडीच मिलिमीटर दबतो. हा खळगा दोन्ही बाजूंना साधारण अडीच मीटरवर संपतो.

त्यापुढे रूळ किंचित वर उचलला जातो. सव्वातीन मीटरच्या आसपास ही उचल सर्वाधिक, म्हणजे मूळ दबण्याच्या सुमारे 4 टक्के असते. पुढे लाट झपाट्याने विरते.

पाया मऊ असेल तर खळगा खोल आणि रुंद होतो. मात्र खरी खडी स्प्रिंगसारखी रुळाला खाली ओढू शकत नाही. स्लीपर अधांतरी राहिला, की गणित चुकते.