ऑनलाइन अभिप्राय : मत आणि खोटे विधान

मेस, गॅरेज किंवा पीजीबद्दल गुगल मॅप्सवर लिहिताना आवडनिवड कुठे संपते आणि खोटा आरोप कुठे सुरू होतो, हा बदनामीच्या कायद्यातला प्रश्न आहे. हे वाक्य पुराव्याने खरे किंवा खोटे ठरवता येईल का, ही त्याची मुख्य कसोटी. ‘भाजी बेचव होती’ हे कुणालाच खोडून काढता येत नाही. ‘कालची भाजी आज वाढतात’ हे मात्र तपासता येते आणि वाद झाला तर ते सिद्ध करणे लिहिणाऱ्याच्या गळ्यात येते.

ताथवड्यात कॉलेजचे विद्यार्थी आणि हिंजवडीला कामावर जाणारे यांच्यामुळे पीजींची दाटी आहे. तिथला वाद डिपॉझिटचा आहे असे समजू. खोली सोडताना एकाचे 4,000 रुपये रंगकामाच्या नावाने कापले गेले. तो लिहितो, ‘10,000 दिले होते, 6,000 परत मिळाले. बिल मागूनही दाखवले नाही. मला ही लूट वाटते.’ ‘लूट’ हा शब्द जहाल आहे, पण तो कशावर उभा आहे हे वाचकासमोर आहे आणि त्यालाही स्वतःचे मत बनवता येते. तोच माणूस ‘मालक सगळ्यांचे डिपॉझिट खातो’ असे लिहितो, तेव्हा ज्या व्यवहारांची त्याला माहिती नाही त्यांच्याबद्दल ठामपणे सांगत असतो. पुढे ‘माझ्या मते’ जोडले तरी आरोप आरोपच राहतो. मला तर ही वाक्ये सर्वांत फसवी वाटतात, कारण ती लिहिताना राग खरा असतो.

मुंबई उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न खोबरेल तेलावरून आला. एका यूट्यूबरने 2018 मध्ये पॅराशूट तेलाच्या शुद्धतेवर व्हिडिओ केला आणि ते गोठवून दुसऱ्या तेलाशी ताडून पाहिले. मॅरिको कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी 2020 मध्ये एकल न्यायमूर्तींनी व्हिडिओ काढायला सांगितले. वेगळ्या प्रकारच्या तेलाशी तुलना करून काढलेले निष्कर्ष पुरेशी खातरजमा न करता वस्तुस्थिती म्हणून मांडले, असा आक्षेप होता. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि काही बदल करून व्हिडिओ ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे टीका करायला वाव राहिला. चाचणी करणाऱ्याने ती काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे मात्र सांगायला हवे.

भरपाईच्या दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध झाले तर बचाव पुरतो. फौजदारी खटल्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली, सत्याच्या बचावासाठी ते सार्वजनिक हिताचे असल्याचेही दाखवावे लागते. म्हणून पीजी सोडणाऱ्याने डिपॉझिटची पावती, बिल मागितल्याचा व्हॉट्सॲप संदेश आणि खोली सोडताना काढलेले भिंतींचे फोटो जपून ठेवावेत. पुढे मालकाने रंगाचे बिल दाखवले, तर ‘बिल दाखवले नाही’ हे वाक्य त्याच दिवशी दुरुस्त करावे.