एकच भाषा, तीन मोटारी: स्पॅनिश शब्दांच्या फाटाफुटीचा इतिहास

१/ माद्रिदमध्ये मोटारीला ‘कोचे’ म्हणतात, बोगोतामध्ये ‘कार्रो’ आणि बुएनोस आयरेसमध्ये ‘आउतो’. भाषा तिन्हीकडे स्पॅनिशच. फळाचा रस स्पेनमध्ये ‘थुमो’, तर अमेरिका खंडात ‘हुगो’. खिशातला फोन स्पेनमध्ये ‘मोविल’, तर समुद्रापलीकडे ‘सेलुलार’. मूळ भाषा स्पेनची आणि वसाहतींत ती बिघडली, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. प्रत्येक शब्दाचे वय तपासले की ते टिकत नाही.

२/ मोटारीपासून आरंभ करू. कार्ल बेंझने आपल्या वाहनाचे पेटंट १८८६ मध्ये घेतले. तोवर स्पेनच्या अमेरिकेतील मुख्य भूमीवरील वसाहती स्वतंत्र होऊन साठ वर्षे उलटली होती. म्हणजे मोटारीचा शब्द स्पेनने वसाहतींना दिला आणि त्यांनी तो बदलला, असे घडणे शक्यच नव्हते. नवी वस्तू आली, तेव्हा प्रत्येक देशाने घरात असलेले जुने शब्द तिला लावले.

३/ ‘कोचे’ हा असाच जुना शब्द. हंगेरीतील कोच हे गाव हलक्या, वेगवान घोडागाड्यांसाठी प्रसिद्ध होते. त्या गावाच्या नावावरून पडलेले गाडीचे नाव सोळाव्या शतकात स्पॅनिशमध्ये आले. आपल्या रेल्वेचा ‘कोच’ही इंग्रजीमार्गे त्याच गावातून आलेला आहे. ‘कार्रो’ त्याहून पुष्कळ जुना: लॅटिनमधील ‘कार्रुस’, म्हणजे चारचाकी गाडी, आणि लॅटिनने तो गॉलच्या केल्टिक लोकांकडून घेतलेला. स्पेनने मोटारीला प्रवासी घोडागाडीचे नाव दिले. कोलंबिया, व्हेनेझुएला, पेरू आदी देशांनी ‘कार्रो’ला बढती दिली. स्पेनमध्ये ‘कार्रो’ म्हटले की आजही जनावराने ओढायचा छकडाच डोळ्यांपुढे येतो. अर्जेंटिना, चिले आणि उरुग्वे यांनी जुने शब्द बाजूला ठेवून ‘आउतोमोविल’चे लघुरूप स्वीकारले.

४/ रसाची गोष्ट वेगळी आहे, कारण रस ही काही नवी वस्तू नव्हे. ‘हुगो’ लॅटिन ‘सुकुस’ पासून आला. ‘थुमो’ बहुधा ग्रीकमधून अरबीमार्गे. दोन्ही शब्द स्पेनमध्ये नांदत होते. स्पेनने पुढे त्यांच्यात कामाची वाटणी केली: फळांचा रस तो ‘थुमो’, मांसाला सुटणारा रस किंवा जठररस तो ‘हुगो’. अमेरिकेत मात्र ही सर्व कामे एकट्या ‘हुगो’कडे आली. येथे कोणीही नवा शब्द घडवलेला नाही. एकाच घरातील दोन भांड्यांपैकी कोणते रोज वापरायचे, एवढाच हा फरक.

५/ बटाट्याच्या बाबतीत तर पारडे उलटते. इंकांच्या केचुआ भाषेत बटाटा म्हणजे ‘पापा’. १५३२ मध्ये पिझारो पेरूत उतरल्यानंतर हा शब्द स्पॅनिशमध्ये आला आणि अमेरिकेत तो आजही तसाच आहे. त्याआधीच कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांकडून स्पॅनिशांनी ‘बाताता’ हा शब्द उचलला होता; त्याचा अर्थ मात्र रताळे. स्पेनमध्ये या दोन कंदांच्या नावांची सरमिसळ झाली आणि ‘पाताता’ जन्मला. म्हणजे मूळ शब्द जपला तो अमेरिकेने, आणि गोंधळातून घडलेला शब्द रूढ झाला तो स्पेनमध्ये. हाच ‘बाताता’ पोर्तुगीजांमार्फत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. आपण वड्यात भरतो तो ‘बटाटा’ मुळात कॅरिबियन रताळ्याचे नाव आहे.

६/ आता विसाव्या शतकाकडे येऊ. प्रदेशाचे लहान लहान ‘सेल’ पाडून प्रत्येकाला स्वतंत्र प्रक्षेपक द्यायचा, ही दूरध्वनीची कल्पना १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडली गेली. त्यामुळे अमेरिकी इंग्रजीत यंत्राचे नाव जाळ्याच्या रचनेवरून पडले, आणि लॅटिन अमेरिकेने त्याला अनुसरून ‘सेलुलार’ म्हटले. युरोपात फोन जवळ बाळगून हिंडता येते, या गुणावरून नाव रूढ झाले. म्हणून स्पेनमध्ये ‘मोविल’. शेजारच्या भाषेतही हीच रेषा दिसते: ब्राझीलमध्ये ‘सेलुलार’, पोर्तुगालमध्ये ‘तेलेमोवेल’. येथे जुन्या साम्राज्याचा काहीच संबंध उरलेला नाही. यंत्र ज्या शेजाऱ्याच्या छायेत आले, त्याची शब्दरीत त्याच्यासोबत आली.

७/ संगणकाच्या बाबतीत हा शेजार आणखी स्पष्ट होतो. १९५५ मध्ये आयबीएमच्या फ्रान्समधील कंपनीला नव्या यंत्रासाठी फ्रेंच नाव हवे होते. लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’, म्हणजे सुव्यवस्था लावणारा, हा शब्द सुचवला. स्पेनने फ्रान्सचे पाहून ‘ओर्देनादोर’ स्वीकारला. मेक्सिको आणि अर्जेंटिनाने इंग्रजीच्या वळणाने ‘कोम्पुतादोरा’, तर चिले व कोलंबियाने ‘कोम्पुतादोर’. उसनवारी दोन्हीकडे आहे. सावकार तेवढे निराळे.

८/ मग ‘शुद्ध’ कोण? हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर लॅटिनप्रमाणे स्पॅनिशचेही तुकडे होऊन निराळ्या भाषा बनतील, अशी धास्ती अनेकांना होती. काराकासमध्ये जन्मलेले आंद्रेस बेयो यांनाही ती होती. १८४७ मध्ये चिलेत त्यांनी अमेरिकेतील लोकांसाठी स्पॅनिशचे व्याकरण प्रसिद्ध केले. ऐक्य राखायचे ते माद्रिदच्या आज्ञेने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. सुशिक्षितांच्या सार्वत्रिक वापराचा आधार असेल, तर स्पेनमधील आरागोन वा आंदालुसियाच्या वेगळेपणाला जितका मान, तितकाच चिले आणि व्हेनेझुएलाच्या वेगळेपणाला मिळाला पाहिजे, असे त्यांनी प्रस्तावनेत मांडले.

९/ मात्र अटलांटिकच्या मधोमध एक सरळ रेषा आखता येत नाही. मेक्सिकोत ‘कोचे’ही चालतो. ग्वातेमालात मात्र ‘कोचे’ म्हणजे डुक्कर. तेथे मोटारीसाठी तो शब्द वापरणाऱ्या पाहुण्याकडे लोक चमकून पाहणारच. स्पेनच्याच कॅनरी बेटांवर बटाटा ‘पापा’ आहे, आणि बसगाडीला क्युबाप्रमाणे ‘ग्वाग्वा’ म्हणतात, कारण ही बेटे अमेरिकेच्या जलमार्गावरील थांबा होती. चिलेत मात्र ‘ग्वाग्वा’ म्हणजे तान्हे मूल! म्हणून एखादा शब्द ‘अमेरिकी’ ठरवण्यापूर्वी तो कोणत्या देशात, कोणत्या वस्तूसाठी आणि केव्हापासून वापरला जातो, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

१०/ बेयो यांच्या मागणीचा निकाल शब्दकोशात शोधावा. स्पॅनिश अकादमीच्या कोशात दीर्घकाळ अमेरिकेतील शब्दांपुढे देशाची खूण असे. स्पेनच्या शब्दांना खुणेची गरज वाटत नसे, जणू तेच सर्वांचे. १९५१ मध्ये मेक्सिकोत अनेक स्पॅनिशभाषी देशांच्या अकादमी एकत्र आल्या आणि कोशाचे काम हळूहळू सामाईक झाले. आज त्याच कोशात ‘ओर्देनादोर’ उघडून पाहा. शब्दापुढे ‘Esp.’ अशी बारीक खूण आहे: हा शब्द स्पेनचा, म्हणजे एका प्रदेशाचा.