हाडात पसरलेला कॅन्सर : हाड मोडण्याआधी रॉड टाकायचा का?

कॅन्सर हाडात पसरल्याचे समजले की रुग्ण आणि घरचे लोक पुढच्या केमोचा विचार करू लागतात. पण कॅन्सर मांडीच्या हाडात असेल तर त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : हे हाड शरीराचे वजन पेलू शकेल का? पोखरलेले हाड पडल्याशिवायही मोडते. खुर्चीतून उठताना किंवा अंथरुणात कूस बदलताना असे होऊ शकते. अशा फ्रॅक्चरला पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर म्हणतात.

कोणते कॅन्सर हाडात जास्त पसरतात?

स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड या पाच अवयवांचे कॅन्सर हाडात पसरण्याचे प्रमाण जास्त आहे. सगळ्यांचा हाडावर होणारा परिणाम मात्र सारखा नसतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा त्या जागी जादा, पण निकृष्ट हाड तयार होते आणि एक्स-रेवर पांढरा डाग दिसतो. मूत्रपिंड आणि थायरॉइडचा कॅन्सर हाड खाऊन टाकतो, त्यामुळे एक्स-रेवर काळी पोकळी दिसते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. हाड मोडण्याचा धोका पोकळीच्या प्रकारात जास्त असतो.

धोका कसा मोजतात?

यासाठी डॉक्टर बहुधा मिरेल्स स्कोअर वापरतात. ही पद्धत 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चार गोष्टी पाहतात आणि प्रत्येकीला 1 ते 3 गुण देतात.

- जागा : हाताचे हाड 1, पायाचे हाड 2, खुब्याजवळचा मांडीच्या हाडाचा भाग 3
- वेदना : सौम्य 1, मध्यम 2, तो हात किंवा पाय वापरताच वाढणारी 3
- एक्स-रेवरील रूप : पांढरा डाग 1, मिश्र 2, काळी पोकळी 3
- आकार : हाडाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी 1, एक ते दोन तृतीयांश 2, त्याहून जास्त 3

एकूण 7 किंवा कमी गुण असतील तर सहसा ऑपरेशन न करता रेडिएशन आणि औषधे देतात. 9 किंवा जास्त असतील तर हाड मोडण्याआधीच ते आधार देऊन पक्के करण्याचा सल्ला देतात. 8 गुण ही सीमारेषा आहे. तिथे रुग्णाची तब्येत आणि सीटी स्कॅन पाहून निर्णय घेतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, 58 वर्षांच्या एका बाईंवर चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झाले आहेत. दीड महिन्यापासून त्यांची उजवी मांडी दुखते. बसल्यावर बरे वाटते, पण पायावर भार दिला की कळ येते. एक्स-रेमध्ये खुब्याच्या जरा खाली काळी पोकळी आहे आणि तिने हाडाची अर्धी जाडी व्यापली आहे. जागेचे 3, वेदनेचे 3, रूपाचे 3 आणि आकाराचे 2 असे एकूण 11 गुण झाले. येथे थांबून पाहणे धोक्याचे आहे.

याच बाईंच्या दंडाच्या हाडात एक लहान, मिश्र स्वरूपाचा डाग आहे आणि तो फारसा दुखत नाही. त्याचे गुण 1, 1, 2 आणि 1, म्हणजे 5 होतात. तिथे ऑपरेशनची गरज नाही. एकाच रुग्णाच्या दोन हाडांसाठी सल्ला असा वेगळा असू शकतो.

या स्कोअरला मर्यादाही आहेत. तो हात-पायांच्या लांब हाडांसाठी आहे, मणक्यांसाठी नाही. शिवाय तो धोका थोडा जास्तच दाखवतो. जास्त गुण मिळालेले प्रत्येक हाड मोडतेच असे नाही. म्हणून केवळ आकड्यावर निर्णय होत नाही. भार दिल्यावर होणारी वेदना मात्र कधीही दुर्लक्षू नका.

फक्त रेडिएशन का पुरत नाही?

रेडिएशनने वेदना कमी होते आणि त्या जागची गाठ आटोक्यात येते, पण हाड लगेच मजबूत होत नाही. त्याला भरून यायला कित्येक आठवडे ते महिने लागतात. वेदना कमी झाल्याने रुग्ण जास्त चालू लागतो आणि याच काळात हाड मोडू शकते. मोडल्यानंतरच्या ऑपरेशनपेक्षा आधी केलेल्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव सहसा कमी होतो आणि रुग्ण लवकर चालू लागतो.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

या ऑपरेशनने कॅन्सर बरा होत नाही. वेदना कमी करणे आणि रुग्णाला स्वतःच्या पायावर उभे करणे हा त्याचा उद्देश आहे. पुढची तत्त्वे त्यावरूनच ठरतात.

पहिले म्हणजे, हे हाड जुळून येईल असे गृहीत धरत नाहीत. भार आधारानेच पेलायचा असतो आणि तो आधार रुग्णाच्या उरलेल्या आयुष्यभर टिकायला हवा. दुसरे, मांडीच्या हाडात सहसा खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा लांब रॉड टाकतात आणि वरचा स्क्रू खुब्याच्या गोळ्यापर्यंत नेतात. उद्या खाली नवी गाठ झाली तरी ते हाड सांभाळले जाते. पोकळी मोठी असेल तर ती हाडाच्या सिमेंटने भरतात. खुब्याचा गोळा किंवा मानच पोखरली असेल तर रॉड टिकत नाही, तिथे कृत्रिम सांधा बसवतात. तिसरे, दीर्घ विश्रांती टाळायची असते. आपल्या उदाहरणातील बाईंना शक्य असल्यास दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालवतील.

जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, रॉड असलेल्या भागाला रेडिएशन देतात. ते टाळले तर गाठ वाढत राहते, हाड आणखी झिजते आणि रॉड सैल होतो किंवा तुटतो. काही महिन्यांनी चालताना नव्याने दुखू लागले तर एक्स-रे काढून घ्या. हाडांसाठीचे झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करण्याआधी दंतवैद्याकडून दात तपासून घ्या, कारण या औषधांमुळे काहींच्या जबड्याचे हाड खराब होते.

ऑपरेशनआधी विचारायचे दोन प्रश्न

"ही गाठ जुन्या कॅन्सरचीच आहे हे नक्की झाले आहे का?" हाडात एकच गाठ असेल आणि कॅन्सर पसरल्याचे आधी सिद्ध झाले नसेल, तर बायोप्सी आधी हवी. ती हाडाचाच मूळ कॅन्सर निघाली, तर रॉडमुळे कॅन्सरच्या पेशी संपूर्ण हाडात पसरतात आणि पाय वाचवणे अवघड होते.

"गाठ मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची आहे का?" अशा गाठीत रक्तवाहिन्या फार असतात. ऑपरेशनआधी त्या बंद केल्या तर रक्तस्राव कमी होतो.

आयुष्य काही आठवड्यांचेच उरले असेल आणि हाड मोडलेले नसेल, तर रेडिएशन, वेदनाशामक आणि वॉकर हाच मार्ग योग्य ठरू शकतो. मांडीचे हाड मोडलेच असेल तर मात्र अशा रुग्णालाही, भूल सहन होणार असल्यास, ऑपरेशनचा विचार करतात. त्याशिवाय त्याला कुशीवर वळवणे किंवा स्वच्छ करणेही असह्य वेदनेचे होते.

निर्णय होईपर्यंत घरी काय कराल?

दुखऱ्या पायावर भार देऊ नका, वॉकर वापरा. मांडीला मालीश करू नका, पाय ओढून किंवा पिळून घेऊ नका. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण हाड दिसेल असा एक्स-रे काढायला सांगा. पाय अचानक वाकडा झाला किंवा उभे राहता येईना, तर रुग्णाला चालवू नका, स्ट्रेचरवरून न्या. पाठदुखीसोबत दोन्ही पायांतली ताकद कमी झाली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सतत तहान, बद्धकोष्ठता आणि गुंगी असेल तर रक्तातील कॅल्शियम लगेच तपासून घ्या.